2100 भागिले 6

लंडनच्या पश्चिमेकडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सॅम्पल रिसेप्शनला काम करते. हुद्दा मेडिकल लॅबोरेटरी असिस्टंट. मिरजेला डीएमएलटी करून सहा वर्षं तिथल्या लॅबमध्ये रक्त काढलं, स्लाइडी वाचल्या. इथे बायोमेडिकल सायंटिस्ट म्हणून काम करायचं तर एचसीपीसीची नोंदणी लागते आणि ती माझ्याकडे नाही. म्हणून मी यंत्रांच्या अलीकडच्या खोलीत असते, जिथे दुपारी बारा ते रात्री आठ या वेळात आजूबाजूच्या दवाखान्यांतून सॅम्पलच्या पिशव्या येत राहतात.

गेल्या वर्षी मी आमच्या एचआरला एक पत्र लिहिलं. रोजच्या कामाचं टार्गेट पुन्हा तपासा, एवढंच त्यात म्हणणं होतं. इथे राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांवर अशी वेळ येते, मग काम गोदामातलं असो, हॉटेलातलं असो की विम्याच्या फायलींचं. माणसं कमी होतात, काम तेवढंच राहतं, आणि एक दिवस ईमेलमधून नवा आकडा येतो. म्हणून ते पत्र कसं तयार झालं ते सांगते. पण त्याआधी आमचं काम नेमकं काय असतं ते सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यातच अडकलं होतं.

एका पेशंटचा एक फॉर्म आणि त्याच्या एक ते पाच नळ्या. जांभळ्या झाकणाची रक्तपेशींच्या तपासणीसाठी, सोनेरी झाकणाची किडनी-लिव्हरसाठी, करड्या झाकणाची साखरेसाठी. फॉर्मवरचं नाव, जन्मतारीख आणि दहा आकडी एनएचएस नंबर हे तिन्ही नळीवरच्या लेबलाशी जुळवून बघायचं. मग कॉम्प्युटरमध्ये पेशंट शोधायचा, तपासण्या टाकायच्या, बारकोड छापायचा, प्रत्येक नळीवर सरळ चिकटवायचा (तिरका चिकटला की यंत्र वाचत नाही) आणि नळी योग्य रॅकमध्ये ठेवायची. याला आम्ही बुकिंग म्हणतो.

फॉर्म सगळे सारखे नसतात. दवाखान्याने ऑनलाइन पाठवलेला असेल तर त्यावर आधीच बारकोड असतो. स्कॅन करा, जुळवा, चिकटवा, झालं. हाताने लिहिलेला असेल तर डॉक्टरचं अक्षर लावण्यापासून सुरुवात. आणि तिसरा प्रकार म्हणजे घोळ असलेला: नळीवर नाव एक आणि फॉर्मवर दुसरं, किंवा नळीवर काहीच नाही, किंवा चुकीच्या रंगाची नळी. मग दवाखान्याला फोन, त्यांच्याकडे रांगेत ताटकळणं, नोंद करणं, कधी सॅम्पल नाकारणं.

आपल्याकडे जुन्या शाळांतून कितीतरी जणांची जन्मतारीख 1 जून लावलेली असते, ते वाचकांना ठाऊक असेल. आमच्या भागात तसे 1 जानेवारीवाले पुष्कळ आहेत. ज्या देशांतून जन्मनोंदणीशिवाय माणसं आली, त्यांच्या कागदांवर तीच तारीख पडली आहे. तेव्हा एकच आडनाव, एकच जन्मतारीख आणि जवळपास सारखं पहिलं नाव असलेले दोन पेशंट एका दुपारी समोर येणं ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही. एनएचएस नंबरचा शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, त्यामुळे टायपिंगमध्ये एखादा आकडा चुकला तर कॉम्प्युटर अडवतो. पण यादीतून शेजारचाच पेशंट निवडला गेला तर त्याचाही नंबर बरोबरच असतो, आणि कॉम्प्युटर गप्प बसतो. तिथे फक्त बघणाऱ्याचे डोळे असतात.

दुपारच्या पाळीला आम्ही नऊ जणं होतो. उन्हाळ्यात एक जण निवृत्त झाली, एकीने दुसऱ्या हॉस्पिटलात नोकरी धरली, एक बाळंतपणाच्या रजेवर गेली. नवी भरती बंद. राहिलो सहा. तीन आठवडे कसेबसे ओढले आणि मग ईमेल आला. रोजचं वैयक्तिक टार्गेट 230 फॉर्मवरून 350 वर नेलं होतं. जो सलग चार आठवडे 90 टक्क्यांच्या खाली राहील त्याची 'सुधारणा बैठक' होणार होती. ही बैठक फाइलमध्ये नोंदली जाते.

350 कुठून आले हे शोधायला फार वेळ लागला नाही. रोजचे फॉर्म साधारण 2100. नऊ जणांत वाटले तर 233, म्हणून आधी 230. सहा जणांत वाटले तर 350. हिशेब बरोबर होता, आणि कागदावर वाजवीही दिसत होता. माणसं दोन-तृतीयांश झाली, तर काम प्रत्येकी दीडपट. थोडं ताणून होईल, असं कुणालाही वाटेल.

पण त्या खोलीत सगळे नऊ जण कधीच बुकिंगला बसलेले नसत. एक जण पिशव्या फोडायला. व्हॅन आली की पिशव्या उघडायच्या, तातडीची सॅम्पलं बाजूला काढायची, गळलेली वेगळी करायची. दुसरी व्यक्ती सेंट्रिफ्यूज आणि फोनवर. सोनेरी नळ्या दहा मिनिटं फिरवाव्या लागतात, त्या समतोल ठेवून भरायच्या, काढायच्या, पुढच्या खोलीत पोचवायच्या, आणि मधेच कुठल्यातरी वॉर्डाचा फोन. ही दोन कामं आम्ही आळीपाळीने करतो. नऊ जण होतो तेव्हा टेबलावर सात असत. सहा झालो तेव्हा टेबलावर चार उरले, कारण पिशव्यांना आणि सेंट्रिफ्यूजला काही माणसं कमी झाल्याचं कळत नाही. ती दोन कामं पूर्वीएवढीच राहिली.

म्हणजे खरा भागाकार 2100 भागिले 6 नव्हताच. तो 2100 भागिले 4 होता.

हे मी घरी जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग हे मॅनेजरला दिसत नाही का?" मॅनेजरला कदाचित दिसत होतंही. पण आकडा ठरवणाऱ्यांकडे पगारपत्रक होतं, आणि पगारपत्रकात आम्ही सहाच असतो. कोण कुठल्या टेबलावर किती मिनिटं उभा होता, ते त्यात नसतं.

पुढच्या तीन दिवसांत मी शिफ्ट-लीडरला सांगून स्वतःच्या कामाची वेळ घेतली. रोज 100 फॉर्म. वेगळं घड्याळ लागलं नाही, कारण प्रत्येक बुकिंगची वेळ कॉम्प्युटर सेकंदासकट नोंदवतो. मी फक्त वहीत तीन रकाने आखले आणि फॉर्म कुठल्या प्रकारचा ते रेघांनी मोजलं, चार उभ्या आणि एक आडवी, लहानपणी वाण्याकडे दुधाच्या बाटल्यांचा हिशेब असायचा तसं. पेशंटचं नाव किंवा नंबर वहीत चुकूनही लिहायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. तसं केलं असतं तर टार्गेटचा विषय बाजूला राहून गोपनीयतेचा सुरू झाला असता.

सरासरी अशी निघाली. शंभरातले 70 ऑनलाइन, प्रत्येकी 40 सेकंद. 25 हाताने लिहिलेले, प्रत्येकी दोन मिनिटं. 5 घोळाचे, प्रत्येकी सहा मिनिटं. सगळे मिळून 7600 सेकंद, म्हणजे एका फॉर्मला 76 सेकंद. त्या पाच घोळाच्या फॉर्मांनी शंभराच्या वेळेतला जवळजवळ पाव हिस्सा खाल्ला होता, हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं.

आता पाळी आठ तासांची. जेवणाची अर्धी तास आणि चहाची पंधरा मिनिटं वजा केली की 435 मिनिटं. सहा जणांत दोन कायम टेबलाबाहेर, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 145 मिनिटं पिशव्या आणि सेंट्रिफ्यूज. टेबलावर उरतात 290 मिनिटं. त्यात 350 फॉर्म करायचे तर एकाला 50 सेकंद मिळतात. लागतात 76. 290 मिनिटांत 76 सेकंदांनी होतात 229. नऊ जण असताना हाच हिशेब केला तर एका फॉर्मला 88 सेकंद मिळत होते, म्हणून तेव्हा सोमवारचा लोंढाही निभावून जायचा.

टार्गेट आल्यावर खोलीत काय झालं तेही सांगायला हवं, कारण पत्रात त्याला सगळ्यात जास्त जागा मिळाली. कुणी कामचुकारपणा केला नाही. सगळ्यांनी आकडा गाठायचा प्रयत्न केला, आणि आकडा गाठायचा एकच मार्ग होता. ट्रेमधून ऑनलाइन फॉर्म वेचून घ्यायचे. कुणी ठरवून केलं असं नाही, हात आपोआप तिकडे जातो. संध्याकाळी सात वाजता ट्रेच्या तळाशी हाताने लिहिलेल्या फॉर्मांचा थर राहायचा, आणि त्याखाली घोळाचे. दवाखाने साडेसहाला बंद झालेले, म्हणजे फोन उद्यावर.

तळाशी राहिलेल्या त्या फॉर्मांबरोबर नळ्या असतात. बारकोड लागल्याशिवाय नळी सेंट्रिफ्यूजमध्ये जात नाही. सोनेरी नळी वेळेत फिरली नाही तर लाल पेशींतलं पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं, आणि नळी थंडीत राहिली असेल तर जास्तच. यंत्र त्या द्रवातलं पोटॅशियम अगदी अचूक मोजतं. पण तो आकडा पेशंटच्या शरीरातला नसतो, आमच्या ट्रेमध्ये तयार झालेला असतो. साधारण 3.5 ते 5.3 असायला हवं ते 6.5 च्या वर गेलं की लॅबने तातडीने फोन करायचा असतो, कारण खरोखर तेवढं असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मग रात्री अकरा वाजता एखाद्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना फोन जातो की टॅक्सी करा आणि हॉस्पिटलात या. तिथे पुन्हा रक्त काढतात आणि ते 4.4 निघतं.

एका संध्याकाळी बायोकेमिस्ट्रीतला सायंटिस्ट दारात येऊन विचारून गेला, "आज या रॅकमधल्या किती वाजता फिरवल्यात?" आवाजात राग नव्हता. पण तो प्रश्न त्या आठवड्यात दुसऱ्यांदा आला होता.

एचआरलाच का लिहायचं, हा प्रश्न आमच्यातल्या बेननी विचारला. बेन केनियातून आलेल्या गुजराती, खोलीतल्या सगळ्यात जुन्या. त्यांचं म्हणणं, मॅनेजरशी बोल. मी बोलले होते, दोनदा. त्याचं उत्तर होतं की टार्गेट वरून आलंय, आणि ते खरं होतं. शिवाय ती 'सुधारणा बैठक' एचआरच्या अखत्यारीतली. तेव्हा ज्यांच्या हातात बैठक थांबवणं आहे त्यांना लिहायचं आणि मॅनेजरला प्रत पाठवायची, असं ठरलं. प्रत आधी त्याला दाखवली. आपल्या पाठीमागे पत्र गेलं असं त्याला वाटायला नको होतं, आणि त्याने एक दुरुस्तीही सुचवली.

सगळ्यांनी सही करावी असं बेनना वाटत होतं. पण दोन मुली अजून प्रोबेशनवर होत्या. त्यांना नको म्हणायलाही संकोच वाटला असता, म्हणून मी विचारलंच नाही. पत्र माझ्या एकटीच्या नावाने गेलं. त्यात एकाही सहकाऱ्याचं नाव किंवा आकडा घातला नाही, फक्त माझी वही.

लिहायला बसले तेव्हा पहिली अडचण मराठीची आली. पत्र इंग्रजीत होतं, पण माझ्या डोक्यातला अर्ज शाळेतला. विषय, महोदय, वरील विषयास अनुसरून, तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. आपल्या अर्जात आपण हात जोडून उभे असतो आणि समोरचा कृपा करतो. इथल्या एचआरला सहानुभूती दाखवायला काहीच हरकत नसते. त्या पत्राला तितक्याच सहानुभूतीचं उत्तर येतं, आणि टार्गेट तसंच राहतं. त्यांना हवं असतं असं काहीतरी, जे त्यांना कुणाला तरी पुढे पाठवता येईल: काय बदललं, त्याने काय धोका झाला, आणि तुम्ही नेमकं काय मागताय. 'फार ताण आहे', 'आम्ही थकलोय' ही वाक्यं खरी असली तरी पुढे पाठवता येत नाहीत. 290 मिनिटं पाठवता येतात.

दुसरी गोष्ट कायद्याची. कलमांची भरताड केली की पत्र वकिलाचं वाटतं आणि तेही मग वकिलाकडे पाठवतात. मी दोनच उल्लेख केले. इथल्या 1999 च्या आरोग्य-सुरक्षा नियमांत कामाच्या जागेचं धोका मूल्यमापन करणं मालकावर बंधनकारक आहे, आणि परिस्थितीत मोठा बदल झाला की ते पुन्हा तपासायचं असतं. नऊची सहा माणसं होणं हा मोठा बदल आहे. दुसरा उल्लेख आयएसओ 15189 चा, म्हणजे वैद्यकीय लॅबना ज्याखाली मान्यता मिळते ते मानक. पुरेशी, सक्षम माणसं असणं ही त्यातली अट आहे. आमच्या लॅबच्या प्रवेशद्वारात त्या मान्यतेचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय, त्यामुळे त्याबद्दल कुणी वाद घालणार नव्हतं.

पत्र असं होतं. मराठी माझीच.

"विषय: सॅम्पल रिसेप्शन, दुपारची पाळी. रोजच्या टार्गेटचा फेरविचार.

दुपारच्या पाळीतली माणसं नऊवरून सहा झाल्यानंतर वैयक्तिक टार्गेट 230 वरून 350 फॉर्म करण्यात आलं. हे टार्गेट सध्याच्या पद्धतीने सुरक्षितपणे पूर्ण होऊ शकत नाही, असं माझ्या नोंदींवरून दिसतं. म्हणून त्याचा फेरविचार व्हावा आणि तोपर्यंत त्यावर आधारित सुधारणा बैठका थांबवाव्यात, यासाठी हे पत्र आहे.

350 हा आकडा सहाही जण पूर्ण वेळ बुकिंग करतात असं धरून येतो. प्रत्यक्षात दोन जण संपूर्ण पाळी पिशव्या उघडणं, सेंट्रिफ्यूज आणि फोन या कामांवर असतात. ही कामं आळीपाळीने होतात आणि त्यांची कुठेही मोजणी होत नाही. त्यामुळे प्रत्येकाला बुकिंगसाठी 435 पैकी साधारण 290 मिनिटं मिळतात. मी तीन दिवस माझ्या 300 बुकिंगच्या वेळा नोंदवल्या. सरासरी 76 सेकंद आली. प्रकारवार तक्ता सोबत जोडला आहे, त्यात पेशंटची कोणतीही माहिती नाही. या गतीने 290 मिनिटांत सुमारे 229 फॉर्म होतात. 350 करायचे तर प्रत्येकी 50 सेकंद मिळतील, आणि हाताने लिहिलेल्या फॉर्मची ओळख तीन ठिकाणी पडताळायला तेवढ्यात जमत नाही.

नवं टार्गेट आल्यापासून सोपे फॉर्म आधी आणि कठीण फॉर्म शेवटी होत आहेत. फॉर्मच्या संख्येवर मोजमाप असेल तर असं होणं स्वाभाविक आहे. याचा परिणाम नळ्या फिरवायच्या वेळेवर होतो का, हे मी माझ्या जागेवरून सिद्ध करू शकत नाही. पण सॅम्पल पोचल्याची आणि बुकिंगची वेळ सिस्टिममध्ये असते. बदलाच्या आधीचे आणि नंतरचे चार आठवडे ताडून पाहावेत, अशी माझी विनंती आहे.

माणसं कमी होणं हा कामाच्या परिस्थितीतला मोठा बदल आहे. त्यानंतर धोका मूल्यमापन पुन्हा झालं असल्यास त्याची प्रत मिळावी, झालं नसल्यास ते व्हावं. लॅबच्या आयएसओ 15189 मान्यतेच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं आहे.

माझ्या सूचना तीन आहेत. टार्गेट माणशी न ठेवता टेबलावरच्या तासाला ठेवावं. घोळाचे फॉर्म वेगळे मोजावेत. आणि रिकाम्या तीन जागा भरेपर्यंत रोज किती फॉर्म रात्रपाळीकडे जाणार हे आधी ठरवून लिहून द्यावं, म्हणजे ते अपयश म्हणून नोंदलं जाणार नाही.

दहा कामाच्या दिवसांत भेटीची वेळ मिळावी. हे पत्र अनौपचारिक पातळीवर देत आहे. तसं सुटलं नाही तर औपचारिक तक्रारीचा मार्ग मी वापरेन."

शेवटचं वाक्य ठेवायचं की नाही यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. ते धमकीसारखं वाटेल अशी भीती होती. पण इथली पद्धत तशीच आहे, आधी अनौपचारिक, मग औपचारिक, आणि आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत हे स्पष्ट लिहिलेलं दोन्ही बाजूंना सोयीचं पडतं. औपचारिक तक्रारीच्या बैठकीला सहकारी किंवा युनियनचा माणूस बरोबर नेण्याचा हक्कही असतो. मॅनेजरने सुचवलेली दुरुस्ती पोटॅशियमच्या जागी होती. मी मुळात 'यामुळे पोटॅशियमचे निकाल चुकत आहेत' असं लिहिण्याच्या विचारात होते. तो म्हणाला, "वेळा बघायला सांग. निकाल चुकले म्हणालीस तर ते आधी तुझ्याकडे पुरावा मागतील." म्हणून तो परिच्छेद असा झाला.

आठव्या दिवशी बोलावणं आलं. एचआरची एक बाई, लॅबचा ऑपरेशन्स मॅनेजर, मी, आणि अनौपचारिक असूनही त्यांनी परवानगी दिली म्हणून बेन. ऑपरेशन्स मॅनेजरने गृहपाठ केला होता. त्याने दुसऱ्या पाळीतल्या एकाच्या वेळा सिस्टिममधून काढल्या होत्या, आणि त्याची सरासरी 72 सेकंद होती. माझी 76. क्षणभर वाटलं, आता मी हळू ठरणार. पण बेननी शांतपणे विचारलं, "72 ने 290 मिनिटांत किती होतात?" त्याने फोनवर गणित केलं. 241. मग तो स्वतःच म्हणाला की 350 या आकड्याला आधार राहत नाही.

वाद झाला तो पिशव्यांवर. त्याचं म्हणणं, तिथे दोन जण कशाला, एकाने भागवा. हे करून बघायला आमची ना नव्हती. एक आठवडा करायचं ठरलं. साडेतीन ते चारच्या दरम्यान चार व्हॅन वीस मिनिटांत येतात. एकट्या माणसाला तेव्हा सेंट्रिफ्यूज रिकामं करायला जाता येत नाही, आणि तातडीची सॅम्पलं पिशवीतच राहतात. तिसऱ्या दिवशी एका वॉर्डाचं तातडीचं सॅम्पल चाळीस मिनिटं पिशवीत सापडलं आणि प्रयोग तिथेच संपला.

पत्राचं फळ अर्धंमुर्धं मिळालं. सुधारणा बैठका रद्द झाल्या. टार्गेट टेबलावरच्या तासाला 45 फॉर्म असं ठरलं, म्हणजे एकाला 80 सेकंद. घोळाच्या फॉर्मांसाठी सिस्टिममध्ये वेगळा कोड आला, त्यामुळे आता ते करणाऱ्याचा आकडा पडत नाही, आणि ट्रेच्या तळाशी थर साठत नाही. एजन्सीमार्फत दोन माणसं मिळाली. तिसरी जागा नाही. आठ जणांचा हिशेब मी तिथेच बसून मांडला: सहा टेबलं, प्रत्येकी सव्वासात तास, तासाला 45, म्हणजे 1957. उरलेले दीडशेच्या आत फॉर्म रात्रपाळीकडे जातात, आणि ते आता लेखी आहे.

त्यांनी एक गोष्ट धरली नव्हती, ती मी बैठकीनंतर ईमेलने कळवली. नवीन माणूस आला म्हणजे लगेच आठ होत नाहीत. त्याची सक्षमता तपासून सही होईपर्यंत त्याच्या प्रत्येक बुकिंगवर दुसऱ्याची नजर लागते, म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे तो शिकणारा आणि शिकवणारा मिळून एकच धरायचा. एचआरच्या बाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं की हे त्यांना माहीत नव्हतं, आणि पहिला महिना आकडे मोजले जाणार नाहीत.

नळ्यांच्या वेळा त्यांनी ताडून पाहिल्या. नंतरच्या चार आठवड्यांत सॅम्पल पोचल्यापासून बुकिंगपर्यंतचा वेळ वाढला होता, आणि तो संध्याकाळी पाचनंतरच्या हाताने लिहिलेल्या फॉर्मांत सगळ्यात जास्त होता, एवढं मला सांगितलं. त्या काळातल्या पोटॅशियमच्या निकालांचं काय झालं ते बायोकेमिस्ट्रीने आपल्या पातळीवर तपासलं. तो अहवाल आमच्या खोलीपर्यंत आला नाही.

तिसऱ्या जागेसाठीची बैठक पुढच्या मंगळवारी आहे. त्याआधी मला पुन्हा 100 फॉर्मची वेळ घ्यायची आहे. मधल्या काळात दोन दवाखाने ऑनलाइन फॉर्मवर गेले, त्यामुळे माझा 76 आता 76 राहिला नसणार, आणि तो कमी झाला असेल तर तेही त्यांना मीच सांगितलेलं बरं.